सहा वर्षं, तीन वर्षं, सहा वर्षं

२०२३ च्या दिवाळीनंतर मी एका अंकशास्त्र्यांकडे गेले, ते यांच्या गप्प राहण्याला कंटाळून. दोन वर्षांपूर्वी, त्रेपन्नाव्या वर्षी, यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. तेव्हापासून घरात दिवसाला पंचवीस-तीस वाक्यं बोलली जात, आणि त्यातली निम्मी गॅस सिलिंडर, दूध आणि पाण्याच्या टाकीबद्दल असत. जाऊबाई म्हणाल्या, "पत्रिका नको, ते अंकवाले आहेत ना, त्यांना जन्मवेळ लागत नाही." आमच्या यांची जन्मवेळ कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ते मला पटलं.

जन्मतारखेचीही गंमतच आहे. शाळेच्या दाखल्यावर यांची तारीख १ जून १९६८ आहे. त्या पिढीत मास्तरांनी अर्ध्या वर्गाला १ जून देऊन टाकला होता. सासूबाई मात्र शेवटपर्यंत सांगत, दिवाळी होऊन गेली होती आणि कार्तिकी एकादशी दोन-तीन दिवसांवर आली होती. जुनं पंचांग पाहून आम्ही कधीतरी ३० ऑक्टोबर ठरवली आणि घरात वाढदिवस त्याच दिवशी करतो. त्या गृहस्थांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "खरी सांगताय की शाळेची?" याबद्दल त्यांना मी आजही मार्क देते. शाळेची तारीख धरली असती तर सगळीच मांडणी दुसऱ्या कुणाची तरी झाली असती.

माझी तारीख १६ मार्च १९७२. लग्न ११ मे १९९७, रविवार. या तीन तारखा त्यांनी लॅपटॉपवर घातल्या आणि दहा मिनिटांत सहा पानांची प्रिंट माझ्या हातात ठेवली. आपल्याकडे एरवी जे मूलांक-भाग्यांक चालतात ते मला माहीत होते. हे त्याच्या पुढचं निघालं. आयुष्याचे चार मोठे टप्पे, प्रत्येक टप्प्याला एक 'पिनॅकल', म्हणजे त्या काळात काय हाताला लागणार, आणि एक 'चॅलेंज', म्हणजे त्याच काळात पाय कुठे अडखळणार. ही पद्धत आपल्या पंचांगातली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घडली, आणि वर पायथागोरसचं नाव चिकटवलं गेलं.

प्रिंटमध्ये लिहिलं होतं की माझं पहिलं पिनॅकल पंचविसाव्या वर्षी संपलं. पंचविसावं वर्ष म्हणजे १९९७. लग्नाचं वर्ष! अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पुढचा बदल २००६ मध्ये, म्हणजे सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला ते साल. तिथे नऊचा आकडा होता आणि समोर 'त्याग, सेवा, दुसऱ्यासाठी झिजणे' असं छापलेलं. सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. अजून काय पाहिजे होतं? मी ते पान दोनदा वाचलं आणि पर्समध्ये घडी करून ठेवलं.

मग आली वाईट बातमी. यांचं २०२१ पासून सातचं पिनॅकल सुरू झालेलं, सात म्हणजे एकांत, आतल्या आत वळणं. आणि लग्नाची तारीख ही लग्नाचीच जन्मतारीख मानून त्यांनी तिचीही पत्रिका मांडली होती, तिचंही पहिलं पिनॅकल सातच, आणि तेही २०२७ पर्यंत. "सात संसाराला जड," ते म्हणाले, "२०२७ काढा कसंही करून." उपाय म्हणून सहीत एक अक्षर वाढवायला सांगितलं. मी पतसंस्थेत शाखाधिकारी होते, सही बदलणं म्हणजे काय भानगड असते ते मला विचारा. तो उपाय तिथेच राहिला. पण 'संसाराला जड' हे दोन शब्द रात्री उशीला डोकं टेकलं की ऐकू यायचे.

बँकिंगमधल्या माणसाची एक खोड असते. कुणी तेरीज दिली तर ती आपण स्वतः मारून बघतो. जानेवारीत मी गंगापूर रोडला एका बाईंकडे चार रविवारांचा वर्ग लावला. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. सात-आठ जणी होतो, हॉलमध्ये सतरंजीवर बसून, प्रत्येकीपुढे शंभर पानी वही.

आकडेमोड पहिल्या रविवारीच झाली, आणि ती इतकी सोपी निघाली की सहा पानांच्या प्रिंटचा राग आला. जन्माचा महिना, दिवस आणि साल, तिन्हींची एकेका अंकापर्यंत बेरीज करायची. माझा महिना ३. दिवस १६, म्हणजे ७. साल १९७२, म्हणजे १९, म्हणजे १०, म्हणजे १. आता महिना अधिक दिवस हे पहिलं पिनॅकल: तीन आणि सात दहा, म्हणजे १. दिवस अधिक साल हे दुसरं: ८. पहिलं अधिक दुसरं हे तिसरं: ९. महिना अधिक साल हे चौथं: ४. चॅलेंजसाठी याच जोड्या, पण बेरजेऐवजी मोठ्यातून लहान वजा करायचा, आणि तिसऱ्यासाठी पहिली दोन चॅलेंजेस एकमेकांतून. माझी चार चॅलेंजेस आली ४, ६, २ आणि २. वजाबाकी असल्यामुळे चॅलेंज कधी नऊ येऊच शकत नाही, कारण नवातून कमीत कमी एक जातोच. कुणी तुम्हाला नऊचं चॅलेंज आहे असं सांगितलं तर उठून चालू पडावं.

आणि टप्पा कधी बदलतो? छत्तीसातून भाग्यांक वजा करायचा, ते पहिल्या टप्प्याचं शेवटचं वय. त्यानंतर दुसरा नऊ वर्षांचा, तिसरा नऊ वर्षांचा, आणि चौथा मरेपर्यंत. भाग्यांक म्हणजे महिना, दिवस, साल तिघांची बेरीज. माझी तीन अधिक सात अधिक एक, अकरा.

इथे माझी पेन्सिल थांबली. छत्तीसातून अकरा गेले पंचवीस. बरोबर, प्रिंटमध्ये पंचवीसच होतं. पण मॅडम पुढून सांगत होत्या, "अकरा आणि बावीस हे मास्टर नंबर आपण भाग्यांक म्हणून तसेच ठेवतो, पण वय काढताना त्यांचा दोन आणि चार करायचा. विसरू नका, इथेच सगळे चुकतात." छत्तीसातून दोन गेले चौतीस.

म्हणजे माझं पहिलं पिनॅकल पंचविसाव्या वर्षी संपलंच नव्हतं. ते २००६ पर्यंत होतं. प्रिंटमधला प्रत्येक टप्पा नऊ वर्षं आधी सरकला होता. लग्नाच्या वर्षी माझ्या आयुष्यात, या शास्त्राच्या मते, काहीही बदललं नव्हतं.

मी दचकले ते चुकीमुळे नाही. प्रोग्रॅममध्ये चूक राहते, आमच्याकडे व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये तीन महिने राहिली होती. दचकले ते अशासाठी की चुकीचा ताळेबंदही जुळला होता. आणि आता बरोबरचा मांडला तर तोही जुळत होता! २००६ ते २०१५ या काळात आधी नऊ होता, 'सेवा', आणि मला सासूबाईंचं अंथरूण दिसलं होतं. आता तिथे आठ आला, 'पैसा, अधिकार, कारभार'. आणि २००८ मध्ये मी शाखाधिकारी झाले होते, २०१० मध्ये फ्लॅट घेतला होता, गृहकर्जाचे सगळे कागद मीच केले होते. दोन्ही खरं. एकाच नऊ वर्षांत माणूस बेडपॅनही धुतो आणि कर्जही मंजूर करून घेतो.

लग्नाच्या तारखेबद्दल मॅडमनी एका वाक्यात विषय संपवला. आमचीच तारीख फळ्यावर घेतली. महिना ५, दिवस ११ म्हणजे २, साल १९९७ म्हणजे ८. बेरीज पंधरा, म्हणजे ६. छत्तीसातून सहा गेले तीस. म्हणजे लग्नाचा पहिला टप्पाच तीस वर्षांचा. "तीस वर्षांच्या संसाराला एक आकडा, त्याचं करायचं काय? ही पद्धत माणसाच्या वयासाठी बेतलेली आहे." माझ्या उशीखालचं 'संसाराला जड' त्या दिवशी निम्मं हलकं झालं. निम्मंच, कारण यांचं सात शिल्लक होतं.

लग्नासाठी त्या वेगळंच करायला सांगत. दोघांची पिनॅकल्स एकाखाली एक, सालांच्या एकाच पट्टीवर मांडायची. दोघांपैकी कुणाचाही आकडा बदलला की तिथे उभी रेघ. दोन रेघांमधला तुकडा हा संसाराचा एक टप्पा, आणि त्याला एक आकडा नाही, दोन असतात, वर एकाचा आणि खाली दुसऱ्याचा. पण ती मांडणी करण्याआधी गृहपाठ होता. नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, लग्नापासूनच्या दहा घटना सालासकट लिहायच्या. आकडे बघायच्या आधी. "नंतर लिहिलंत तर आकडे तुमच्याकडून लिहून घेतील."

यांना मी घाबरतच सांगितलं. यांचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी बघितलेला माणूस, मायक्रोमीटरशिवाय कशावर विश्वास नाही. पण "यादी" म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला. "दे कागद." वीस मिनिटं बाल्कनीत बसून लिहिलं, घडी घातली आणि माझ्या वहीत खुपसून ठेवली.

दुसऱ्या रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर मी पट्टी आखली. यांचा महिना १० म्हणजे १, दिवस ३० म्हणजे ३, साल १९६८ म्हणजे २४, म्हणजे ६. पिनॅकल्स ४, ९, ४, ७. चॅलेंजेस २, ३, १, ५. भाग्यांक दहा, म्हणजे १. छत्तीसातून एक गेला पस्तीस. यांचे बदल २००३, २०१२, २०२१. माझे २००६, २०१५, २०२४.

रेघा मारल्यावर एक नक्षी उठली. लग्नापासून २००३ पर्यंत सहा वर्षं: हे चारवर, मी एकवर. मग तीन वर्षं हे नऊवर, मी अजून एकवरच. मग सहा वर्षं नऊ आणि आठ. तीन वर्षं चार आणि आठ. सहा वर्षं चार आणि नऊ. तीन वर्षं सात आणि नऊ. सहा, तीन, सहा, तीन, सहा, तीन. प्रत्येक वेळी आधी हे बदलतात, तीन वर्षांनी मी. मला ते फार अर्थपूर्ण वाटलं. नवरा पुढे, बायको तीन वर्षांनी मागून पोचते, आणि मधली तीन वर्षं दोघं वेगवेगळ्या गावात असल्यासारखी. २००३ मध्ये मामंजी गेले आणि धाकट्या दिरांचं शिक्षण यांच्या अंगावर पडलं, तेव्हा मी खरंच तीन वर्षं कुरकुरले होते. २०२१ मध्ये हे घरी बसले आणि मला ते तीन वर्षं समजलं नाही. मग वाट बघायची मार्चची, माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाची.

"बघू," हे म्हणाले. मी कागद सरकवला. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग जे बोलायला लागले ते साडेअकरापर्यंत. एवढं सलग बोलणं मी २०२१ नंतर ऐकलं नव्हतं, आणि ते होतं भागाकारातल्या बाकीबद्दल.

एकेक अंकापर्यंत बेरीज करणं म्हणजे नऊने भागून बाकी काढणं, त्यांनी आधी हे समजावलं. छत्तीस हा नवाच्या पाढ्यातला, त्यामुळे बाकीत तो शून्य, असून नसल्यासारखा. छत्तीस ठेवलाय तो वय माणसासारखं दिसावं म्हणून. जन्मसालात छत्तीस मिळवून भाग्यांक वजा केला की, भाग्यांकात साल आधीच असल्यामुळे, साल उडतं. उरतो फक्त महिना अधिक दिवस, म्हणजे पहिलं पिनॅकल. "तुझं एक, माझं चार. फरक तीन. म्हणून तीन वर्षं. आपण भांडलो असतो किंवा नसतो, हा फरक तीनच राहणार होता. ज्या जोडप्याचं पहिलं पिनॅकल एकच, त्यांच्या रेघा एकाच साली पडणार, नाहीतर बरोबर नवाच्या पटीतल्या वर्षांच्या अंतराने."

मी म्हटलं, मॅडमनी एक ताळा दिलाय. बदलाच्या साली माणसाचं वैयक्तिक वर्ष नऊ यायला पाहिजे. वैयक्तिक वर्ष म्हणजे महिना, दिवस आणि चालू सालाची बेरीज. २००६ म्हणजे ८, त्यात माझे तीन आणि सात, अठरा, म्हणजे नऊ. यांचं २००३ म्हणजे ५, अधिक एक, अधिक तीन, नऊ. बरोबर आलं.

"येणारच. त्यासाठीच छत्तीस आहे. पण तुझ्या त्या प्रिंटमधलं १९९७ घे."

१९९७ म्हणजे २६, म्हणजे ८. अधिक तीन, अधिक सात. अठरा. नऊ!

"अकरा आणि दोन यांत फरक नऊचा. नवाची चूक हा ताळा पकडूच शकत नाही. मायक्रोमीटर एक पूर्ण फेरा चुकीचा लावला तर थिंबलवरचा आकडा तोच दिसतो, तसं." हे म्हणताना ते हसले. मला त्यातला थिंबल कळला नाही, हसणं कळलं.

मग आम्ही याद्या उघडल्या.

माझी यादी आधीच बाटलेली होती, हे मला तेव्हा दिसलं. मी महिनाभर ती प्रिंट पर्समध्ये घेऊन फिरत होते. माझ्या दहा घटनांमध्ये २००६ होतं, २०१५ होतं, आणि २०१५ मध्ये मी लिहिलं होतं, 'मनाने मोकळी झाले'. असली घटना असते का कुठे? प्रिंटने लिहून घेतलेलं वाक्य ते. यांनी प्रिंट पाहिलीच नव्हती. यांच्या यादीत प्रत्येक साल वस्तूला किंवा माणसाला बांधलेलं. १९९७ लग्न. १९९९ मुलगी. २००३ बाबा गेले. २००६ आई पडली. २०१० फ्लॅट. २०१२ आई गेली. २०१४ स्कूटर विकली. २०१७ मुलगी पुण्याला. २०२१ नोकरी सोडली.

दहापैकी चार रेघेवर पडत होती. मी म्हटलं, एक वर्ष मागेपुढे चालतं, मॅडम म्हणाल्यात की बदलाची चाहूल आधी लागते. हे पेन्सिलीने मोजायला लागले. सहा रेघा, प्रत्येकीच्या मागेपुढे एकेक वर्ष. १९९७ ते २०२४ या अठ्ठावीस वर्षांपैकी सतरा वर्षं 'रेघेजवळची' निघाली. "म्हणजे डोळे मिटून बाण मारला तरी दहापैकी सहा लागतील. माझे स्कूटर धरून पाच लागलेत." स्कूटर विकणं हा आयुष्याचा टप्पा असू शकतो हे त्यांना मान्य होतं, पण ते सालामुळे नव्हे, स्कूटरमुळे.

नऊच घटना वाचल्या मी वर. दहावी २००९ ची होती. '२००९ – आईला आंघोळ घातली.'

मला आधी कळलंच नाही. सासूबाईंना रोज आंघोळ मी घालायचे, मी नसेन तर कामाच्या मावशी. खुर्चीवर बसवून, उजव्या बाजूने आधार देऊन, पाणी आधी डाव्या हातावर टाकून बघायचं, कारण उजवीकडे त्यांना गरम-गार कळत नसे. माझी पद्धत होती. टॉवेल कुठला, पावडर कधी, सगळं ठरलेलं. त्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला मी तीन दिवस जळगावला गेले होते आणि मावशींनी नेमकी दांडी मारली होती, हे मला आठवलंसुद्धा नव्हतं.

"तीन वर्षं मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा राहायचो," हे म्हणाले. "आत आलो की तू म्हणायचीस, तुम्हाला जमणार नाही, पाय घसरेल तिचा. त्या तीन दिवसांत जमलं. आई म्हणाली, तुझा हात तुझ्या बापासारखा आहे. तू आल्यावर परत तूच करायला लागलीस."

मी काय म्हणणार? सहा वर्षं जे मी माझ्या नावावर जमा करत आले, त्यातली एक नोंद दुसऱ्याच्या खात्यात खर्ची पडत होती.

आता यावर आकड्यांचं म्हणणं काय, तेही सांगते. २००६ ते २०१५ माझं चॅलेंज सहा. त्याचा अर्थ वहीत मॅडमनी सांगितलेला माझ्याच अक्षरात: 'घराची जबाबदारी माझीच आणि ती माझ्याच पद्धतीने पार पडली पाहिजे, हा हट्ट.' यांचं २००३ ते २०१२ चॅलेंज तीन: 'मनातलं न बोलणे.' मी ती दोन वाक्यं त्यांच्यापुढे ठेवली आणि मला वाटलं आता हा माणूस मानेल. कारण पिनॅकलपेक्षा चॅलेंज टोचतं, ते स्तुती करत नाही. चुकलेल्या प्रिंटमध्ये त्या वर्षांना दोन होता, 'हळवेपणा, लोक काय म्हणतील', तो मी सहज गिळला होता. सहा गिळता आला नाही.

यांनी वही मिटली आणि म्हणाले, "उद्या एक टेस्ट घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीर आणि जाऊबाईंच्या तारखा घेऊन आठ पिनॅकल्स काढली. माझ्या वहीतले अर्थ आठ चिठ्ठ्यांवर लिहिले, आकडे आणि सालं न लिहिता. चार दिरांच्या, चार जाऊबाईंच्या. मी या दोघांना पंचवीस वर्षं ओळखते, त्यांची भांडणंसुद्धा मिटवली आहेत. कुठला अर्थ कुठल्या टप्प्याचा ते मी लावायचं. पाऊण तास घेतला मी. दिरांच्या चारपैकी एक बरोबर आली, जाऊबाईंच्या चारपैकी एक.

"पंचवीस टक्के," मी म्हटलं, "अगदीच वाईट नाही."

"चार चिठ्ठ्या न वाचता वाटल्या तरी सरासरी एक जागेवर बसते," हे म्हणाले. "चार असोत की चाळीस, सरासरी एकच." मी हे मुलीला फोन करून विचारलं, ती म्हणाली बाबा बरोबर आहेत.

तिसऱ्या रविवारी मी मॅडमना हे सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना नवऱ्याने काय यादी लिहिली हेच वाचायचं असतं, आकडे त्याला निमित्त. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण सहा तुम्हाला लागलाच ना?" लागला. हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन लागला नसता, तीनही लागला नसता. पण लागणं म्हणजे खरं असणं का, यावर आमच्या दोघींचं एकमत झालं नाही, आणि चौथ्या रविवारी नावाच्या अक्षरांचा विषय सुरू झाल्यावर मी वर्ग सोडला. फी परत मागितली नाही.

मॅडमनी अजून एक सांगितलं होतं, की चॅलेंज कुठल्या वर्षांना लावायचं यावरच मतभेद आहेत. काही जण पिनॅकलबरोबर बदलतात, काही जण तिसरं चॅलेंज जन्मभराचं मुख्य धरतात. टप्पा वाढदिवसाला बदलतो की जानेवारीत, यावरही दोन पक्ष. दोन पक्षांचे दोन-दोन निकाल धरले तर माझं कुठलंही वर्ष कुठल्यातरी आकड्यात बसवता येतं. आमच्याकडे कुठेच न जुळणाऱ्या रकमा ज्या खात्यात टाकतात, त्याला ऑडिटर सस्पेन्स अकाउंट म्हणतात.

१६ मार्च २०२४ ला माझा बावन्नावा वाढदिवस झाला. मांडणीप्रमाणे त्या दिवशी मी चौथ्या आणि शेवटच्या पिनॅकलवर गेले, चारच्या. हे आधीच सातवर. आता या पट्टीवर पुढे एकही रेघ नाही. सहा-तीनची नक्षी संपली, पुढे आमच्यापैकी एक जण जाईपर्यंत सात आणि चार, सात आणि चार. मी हे यांना म्हटलं तर म्हणाले, "बरं झालं. मोजणी बंद." आणि संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "त्या वहीत सातच्या पुढे काय लिहिलंय?"

"एकांत. अभ्यास. माणूस आत वळतो. संसाराला जड."

"आत कुठला," हे म्हणाले. "कारखान्यात तीस वर्षं मशीनच्या आवाजात ओरडून बोललो. घसा दुखतो माझा. बाकी काही नाही."

खरंच घसा दुखत होता. पुढच्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. स्वरयंत्रावर लहानशी गाठ होती, साधी निघाली. दोन महिने कमी बोलायला सांगितलं आणि आवाजाचे व्यायाम दिले. ते आता रोज सकाळी बाल्कनीत 'ऊ' आणि 'म' म्हणत बसतात. मला हसू येतं, त्यांना चालतं.

ती शंभर पानी वही मी टाकली नाही. मधल्या पानावर पट्टी आहे, तिच्या एका बाजूला यांची यादी चिकटवली आहे, दुसऱ्या बाजूला माझी. माझ्या यादीतलं २०१५ मी खोडलं. तिथे जागा झाली, तर २००८ आणि २०१० च्या मधून बाण काढून पेन्सिलीने लिहिलं: '२००९ – डिसेंबर – जळगावला गेले. यांनी आईंना आंघोळ घातली.'

हे मागून चष्मा सावरत वाचत होते. म्हणाले, "डिसेंबर नाही. नोव्हेंबर."